मदत हवी आहे: गावातल्या काविळीचा आलेख पॉइंट सोर्स म्हणायचा की प्रोपगेटेड?

वारणाकाठ

नमस्कार. वाळवा तालुक्यातल्या साधारण साडेतीन हजार वस्तीच्या एका गावात जुलैअखेरपासून काविळीचे रुग्ण निघत होते. आजपर्यंत लाइन लिस्टमध्ये ६२ नावं आहेत. आठ जणांचे रक्तनमुने पाठवले होते, त्यातले सात हेपॅटायटिस ई साठी आयजीएम पॉझिटिव्ह आले. हेपॅटायटिस ए कुणालाही नाही. मृत्यू नाही.

साथीचा अहवाल मला लिहायचा आहे आणि त्यात साथ कोणत्या प्रकारची ते नमूद करायचं आहे: एकाच स्रोतातून थोड्या काळात लागण झालेली पॉइंट सोर्स, की माणसाकडून माणसाला पसरत गेलेली प्रोपगेटेड. एक्सेलमध्ये रोजच्या नोंदींचा आलेख काढला तर १२, १९ आणि २६ ऑगस्टला तीन ठळक शिखरं दिसतात, मध्ये दोनचार दोनचार रुग्ण. तीन शिखरं, सारख्या अंतरावर, म्हणजे प्रोपगेटेड असं मला वाटतंय. गावातही "घराघरातनं पसरतंय" असंच बोललं जातंय, लोकांनी रुग्णांची ताटं-वाट्या वेगळ्या केल्यात.

अडचण अशी की विहिरीवरून टाकीकडे जाणारी पाइपलाइन एका ठिकाणी गटार ओलांडते आणि तिथलं लीकेज ९ जुलैला दुरुस्त झाल्याची ग्रामपंचायतीत नोंद आहे. तेव्हापासून जलसुरक्षकाची पाण्यातल्या क्लोरीनची ओटी टेस्ट रोज पॉझिटिव्ह आहे. पाणी सुधारल्यावर महिनाभराने शिखर कसं येईल? की पाण्याचा संबंधच नाही? जाणकारांनी सांगावं.

विटेकर

तुमचा अंदाज बरोबर वाटतो. एकच शिखर असेल तर पॉइंट सोर्स, सपाट पठार असेल तर कंटिन्युअस म्हणजे स्रोत सतत चालू, एकापेक्षा जास्त शिखरं असतील तर प्रोपगेटेड. शिवाय साथ दोन महिने चालली आहे. एकाच दिवशी दूषित पाणी प्यायलेले लोक दोन महिने आजारी पडत राहतील का? माझ्या मते माणसाकडून माणसाला असंच लिहा.

प्रतिबंध

थांबा, अहवालात अजून काही लिहू नका. आधी एक सांगा: आडव्या अक्षावर कोणती तारीख घेतली आहे? रुग्णाला त्रास सुरू झाल्याची, की उपकेंद्रात नाव नोंदल्याची?

विचारण्याचं कारण असं की तुमची तिन्ही शिखरं बरोबर सात-सात दिवसांवर आहेत. हेपॅटायटिस ई चा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतचा काळ, १५ ते ६० दिवसांचा, सरासरी ४० च्या आसपास. एका रुग्णाकडून दुसऱ्याला लागण झाली तरी दुसरा किमान दोन आठवड्यांनी आजारी पडणार, बहुतेक वेळा पाचसहा आठवड्यांनी. सात दिवसांत या विषाणूची पुढची पिढी येऊच शकत नाही. सात दिवसांची लय आजाराची नसते, माणसांच्या कामकाजाची असते. आठवडी बाजार, डॉक्टरांच्या भेटीचा ठरलेला वार, तपासणी शिबिर, यांपैकी काहीतरी असणार.

आणि विटेकर, दोन महिने हा काळ लांब की आखूड हे त्या-त्या आजाराच्या अधिशयन काळावरून ठरतं. कॉलऱ्यात एकाच दिवसाच्या दूषित पाण्याचे रुग्ण पाच दिवसांत संपतात, त्यामुळे दोन आठवडे चाललेली कॉलऱ्याची साथ म्हणजे स्रोत चालू आहे किंवा आजार पुढे पसरतोय. हेपॅटायटिस ई मध्ये एकाच दिवसाचे रुग्ण पंधराव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत निघत राहतात. म्हणजे दीड महिना रुंदीचा आलेखसुद्धा पॉइंट सोर्सचाच असू शकतो.

वारणाकाठ

तारीख नोंदणीची आहे. आणि हो, १२, १९, २६ ला उपकेंद्रावर शिबिर होतं. आशाताईंनी घरोघरी जाऊन लोकांना त्याच दिवशी आणलं होतं.

प्रतिबंध

मग ती शिबिरांची शिखरं आहेत. आशाताईंना परत पाठवा आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न सगळ्यांना सारखा विचारायला सांगा. काविळीत आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना जाणं हे होतं आणि तीनचार दिवसांनी, कधी आठवड्याने डोळे पिवळे दिसतात. एकाची तारीख तापाची आणि दुसऱ्याची पिवळेपणाची घेतली की आलेख उगाच पसरतो. पहिला त्रास कधी सुरू झाला तेच धरा. तारीख कुणाला आठवत नाही, म्हणून "नागपंचमीच्या आधी की नंतर, गणपती बसायच्या किती दिवस आधी" असं विचारत जवळ आणा.

नंतर आठवड्याचे गट करा. साधारण नियम असा की एका स्तंभाची रुंदी सरासरी अधिशयन काळाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी. ४० चा चौथा हिस्सा १०, म्हणून सात दिवस सोयीचे. रोजचा स्तंभ घेतला तर ६२ रुग्णांत नुसते दात दिसतील आणि महिन्याचा घेतला तर सगळं दोन ठोकळ्यांत बसेल. सी स्तंभात सुरुवातीच्या तारखा आणि एफ मध्ये आठवड्याचा पहिला दिवस असेल तर:

```
=COUNTIFS(C:C,">="&F2,C:C,"<"&F2+7)
```

एफ च्या यादीत पहिल्या रुग्णाच्या आधीचे दोन आठवडेही ठेवा, शून्य आले तरी. सुरुवात खरंच तिथे आहे की आपण तिथून मोजायला लागलो, हे त्यावरून कळतं.

वारणाकाठ

चार दिवस लागले, पण झालं. मध्ये एक घोळ निघाला. सहा रुग्ण थेट मे आणि जूनमध्ये जात होते. एक्सेल महिना आधी धरत होतं, ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्टचं ८ मे झालं. १२ तारखेनंतरच्या तारखा त्याला महिना म्हणून वाचताच येईनात, त्या खान्यात डावीकडे चिकटून मजकूर म्हणून बसल्या होत्या आणि मोजल्याच जात नव्हत्या. सगळ्या तारखा हाताने नीट केल्या. आता चित्र असं:

१० ते २३ जुलै: ०
२४ ते ३० जुलै: २
३१ जुलै ते ६ ऑगस्ट: ७
७ ते १३ ऑगस्ट: १५
१४ ते २० ऑगस्ट: १८
२१ ते २७ ऑगस्ट: ९
२८ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर: ४
४ ते १० सप्टेंबर: २
११ ते १७ सप्टेंबर: ३
१८ ते २४ सप्टेंबर: २

पहिला रुग्ण २५ जुलैचा. ४ ते १० च्या आठवड्यातले दोघेही ५ सप्टेंबरचे. त्यानंतरचे पाच जण ११, १२, १६, १९ आणि २३ सप्टेंबरचे. तीन शिखरं गेली, एकच राहिलं.

विटेकर

आता पॉइंट सोर्स दिसतो, मान्य. मग शिखरावरून मागे मोजू. मधला रुग्ण १६ ऑगस्टच्या आसपास येतो. काविळीचा अधिशयन काळ २८ दिवस, म्हणजे १९ जुलै. पण लीकेज तर ९ ला दुरुस्त झालं होतं. म्हणजे दुरुस्ती नीट झालीच नव्हती, असं अहवालात यायला हवं.

प्रतिबंध

मागे मोजायची रीत बरोबर आहे, आकडा चुकला. २८ दिवस हे हेपॅटायटिस ए चे. इथे प्रयोगशाळेने ई सांगितलाय, म्हणून ४० घ्या. १६ ऑगस्टमधून ४० गेले की ७ जुलै.

एकाच टोकाने मोजून कधीच थांबू नये, तिन्हीकडून मोजावं. पहिल्या रुग्णाच्या तारखेतून किमान काळ वजा करा: २५ जुलैतून १५ गेले, १० जुलै. मुख्य लाटेतल्या शेवटच्या रुग्णातून कमाल काळ वजा करा: ५ सप्टेंबरमधून ६० गेले, ७ जुलै. तिन्ही उत्तरं ७ ते १० जुलैच्या चार दिवसांत येतात, म्हणजे एकाच थोड्या काळातल्या संसर्गाने हा सगळा डोंगर समजावता येतो. तुमच्या १९ जुलैची हीच परीक्षा घ्या. १९ ला संसर्ग झाला असता तर २५ जुलैचा रुग्ण सहाव्या दिवशी आजारी पडला असं होईल. ते ए मध्येही शक्य नाही, ई मध्येही नाही. मधल्या रुग्णावरून काढलेली तारीख पहिल्या रुग्णाला धरून नसेल, तर आजार तरी चुकीचा धरला आहे किंवा तो पहिला रुग्ण या साथीचा नाही.

वारणाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. पाणी ९ जुलैला सुधारलं आणि शिखर ऑगस्टच्या मध्यावर आलं, यात विसंगती नाही. दुरुस्तीच्या दिवशी विषाणू लोकांच्या पोटात जाऊन बसलेला होता. दिल्लीत १९५५ च्या नोव्हेंबरात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं, आणि काविळीची लाट आली डिसेंबर-जानेवारीत, २९ हजारांवर रुग्ण. ती साथ हेपॅटायटिस ई ची होती हे साठवलेल्या नमुन्यांवरून पुष्कळ नंतर कळलं.

एक तातडीचं: गावातल्या गरोदर बायकांची यादी काढून त्यांच्याकडे रोज लक्ष ठेवा. शेवटच्या तिमाहीत हा आजार झाला तर मृत्यूचं प्रमाण शेकडा २० ते २५ पर्यंत जातं. आलेख दोन दिवस उशिरा झाला तरी चालेल, हे थांबता कामा नये.

कोयनेकडचा मास्तर

आमच्या पाटणकडच्या वसतिगृहात गेल्या जानेवारीत कांजिण्या निघाल्या होत्या. सुट्टीवरून आलेल्या एका मुलाला ४ जानेवारीला, मग १८ ते २० जानेवारीत पाच जणांना, मग १ ते ५ फेब्रुवारीत १४ जणांना. आम्ही ६ फेब्रुवारीला टाकी उपसून धुतली. त्यानंतर १७ च्या सुमाराला सहाच मुलं निघाली आणि संपलं. म्हणजे आमच्याकडेही पाणीच होतं का?

प्रतिबंध

नाही मास्तर, कांजिण्या पाण्यातून येत नाहीत. पण आकडे दिलेत ते फार कामाचे आहेत, कारण खरा प्रोपगेटेड आलेख असा दिसतो. आधी एकटा मुलगा, मग चौदा-सोळा दिवस शांत, मग पाच, पुन्हा तेवढंच अंतर, मग चौदा. कांजिण्यांचा अधिशयन काळ बहुतेक वेळा १४ ते १६ दिवसांचाच असतो. लाटांमधलं अंतर आजाराच्या काळाशी जुळतं, मधे दरी आहे आणि आधीची लाट पुढच्यापेक्षा लहान आहे. वारणाकाठच्या आलेखात २५ जुलैच्या आधी एकटा रुग्ण नाही, दरी नाही, लाटा नाहीत.

चौथी लाट उतरली ती टाकी धुतल्याने नाही, कांजिण्या न झालेली मुलं संपत आली म्हणून. उपाय आणि उतार एका वेळी आले की असा चकवा नेहमी बसतो. आणि इतक्या स्वच्छ लाटा लहान, बंद जागेतच दिसतात. गावभर पसरलेल्या साथीत दोनतीन पिढ्यांनंतर लाटा एकमेकांत मिसळतात.

माणदेशी

पाणीपुरवठ्याच्या बाजूने एक शंका. ९ जुलै ही दुरुस्तीची तारीख आहे, गळती सुरू झाल्याची नव्हे. गावात पाणी दिवसातून तासभर सुटतं. पंप बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जागेतून गटाराचं पाणी उलटं आत ओढलं जातं, मग पंप सुरू झाला की ते पहिल्या दहापंधरा मिनिटांत नळाला येतं. अशी गळती महिना-महिना कुणाच्या लक्षात येत नाही. मग हे पॉइंट सोर्स कसं? कंटिन्युअस म्हणायला नको का?

प्रतिबंध

शंका रास्त आहे आणि आलेखाची मर्यादा नेमकी इथेच आहे. दूषित पाणी पूर्ण जूनभर जात असतं तर १५ दिवसांच्या हिशेबाने जूनच्या मध्यापासून रुग्ण दिसायला हवे होते. जुलैच्या मध्यापर्यंत शून्य आहेत. म्हणजे महिनाभराची गळती बसत नाही, अर्थात ते शून्य खरं असेल तर. गावातल्या आणि शेजारच्या बाजारगावातल्या खासगी डॉक्टरांकडे जून-जुलैचे काविळीचे रुग्ण विचारून घ्या.

पण तीन दिवस की दहा दिवस, हे हेपॅटायटिस ई चा आलेख सांगू शकत नाही. रुग्ण मुळातच ४५ दिवसांत विखुरतात, त्यात संसर्गाचे सातआठ दिवस इकडचे तिकडे झाले तरी आकार तोच राहतो. पाठीमागून पठार दिसायला संसर्ग अनेक आठवडे चालावा लागतो.

त्यासाठी दुसरा आलेख काढा. गटाराचं पाणी नळात आलं तर त्यात एकटा हा विषाणू नसतो, जुलाबाचे जंतूही असतात आणि ते एकदोन दिवसांतच दिसतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीतून या गावचे १ जूनपासूनचे जुलाब-उलटीचे रुग्ण मोजा, यावेळी रोजचा एक स्तंभ करून. काविळीच्या आलेखाला आठवड्याच्या आत काही दिसत नाही, जुलाबाच्या आलेखाला दिवस दिसतो.

वारणाकाठ

नोंदवही काढली. जूनभर या गावचे जुलाबाचे रुग्ण आठवड्याला चारपाच. ५ जुलैपर्यंत तसंच. ७ ते ११ जुलै या पाच दिवसांत २३, त्यातले १७ त्याच दोन गल्ल्यांतले जिथे नंतर काविळीचे निम्म्याहून जास्त रुग्ण निघाले. १४ जुलैनंतर पुन्हा नेहमीसारखं. त्या गल्ल्या गटार ओलांडल्यानंतर मधूनच काढलेल्या थेट जोडण्यांवर आहेत, टाकीचं पाणी त्यांना नंतर मिळतं. खासगी डॉक्टरांकडे जूनमध्ये या गावची कावीळ नाही, जुलैच्या शेवटी एक होता, तो यादीत आधीच आहे.

माणदेशी

मग माझी शंका बरीचशी मिटली. त्या थेट जोडण्या मात्र बंद करायला सांगा. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकीत टाकता, त्यांना क्लोरीन मिळतच नसणार. तुमची ओटी टेस्ट कुठल्या नळावर होते? टाकीखालच्या नळावर रंग आला म्हणजे गावाला क्लोरीन मिळालं असं नाही. शेवटच्या घराच्या नळावर बघा, आणि साथीच्या काळात तिथे ०.२ वर समाधान नको, ०.५ पीपीएम यायला पाहिजे.

वारणाकाठ

टेस्ट टाकीजवळच होत होती. उद्यापासून शेवटच्या नळावर.

सप्टेंबरच्या पाच जणांचं काय करू? ९ जुलैपासून साठावा दिवस ७ सप्टेंबरला येतो, हे सगळे त्यापुढचे. १६ सप्टेंबरचा रुग्ण ज्या घरात आहे तिथे १४ ऑगस्टला एक आजारी होता, २३ च्या घरात १६ ऑगस्टला. बाकी तिघांच्या घरात कुणी नाही. १९ चा माणूस कामाला रोज कराडला जातो.

विटेकर

म्हणजे पुढे प्रोपगेटेड झालं की! ३३ आणि ३८ दिवसांचं अंतर अगदी जुळतंय.

प्रतिबंध

ते दोघे घरातल्या रुग्णाकडून आजारी पडले असण्याची शक्यता आहे, तेवढंच म्हणता येतं. हेपॅटायटिस ई माणसाकडून माणसाला फार कमी पसरतो. साठ रुग्णांच्या मागे दोघे हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे, त्यावरून साथीचं नाव बदलत नाही. मूळ साथ प्रोपगेटेड असती तर दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी, निदान तिच्या बरोबरीची आली असती.

११ आणि १२ चे दोघे साठ दिवसांच्या चारपाच दिवसच पुढे आहेत. ६० ही काही भिंत नाही, आणि लोकांच्या आठवणीत चारपाच दिवसांची चूक सहज होते. ते शेपटीतले असू शकतात. १९ चा मात्र मला लागत नाही. कराडला तो पाणी कुठलं पितो, जेवतो कुठे ते विचारा, पण एका रुग्णावरून निष्कर्ष निघेल असं वाटत नाही.

मी अहवालात असं लिहीन: समाईक स्रोत, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातला थोड्या दिवसांचा संसर्ग, ५७ रुग्ण त्याला धरून, पुढच्या पाचांपैकी दोन संभाव्य घरगुती संसर्ग, दोन बहुधा त्याच संसर्गाचे उशिराचे, एकाचा स्रोत अनिश्चित. आलेखाखाली "तारीख: पहिल्या लक्षणाची, स्तंभ: सात दिवस" हे न विसरता टाका.

माणदेशी

एक उरतं. त्या थेट जोडण्यांवर थोडी गळती अजून चालू असेल, तरी ११ ते २३ सप्टेंबरचे हे रुग्ण असेच दिसतील. ते या आलेखाने खोडून निघत नाही.

प्रतिबंध

नाही निघत, खरं आहे. म्हणून त्या पाचही घरांचे नळ नकाशावर मांडा. तिघंचौघं त्याच शाखेवर निघाले तर पाइप पुन्हा उकरून बघावा लागेल. शेवटच्या नळाचे पाण्याचे नमुने जीवाणू तपासणीला पाठवा, सकाळी पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांतले. आणि २३ सप्टेंबरपासून किमान साठ दिवस, म्हणजे २२ नोव्हेंबरपर्यंत, घरभेटी बंद करू नका.

वारणाकाठ

पाचपैकी तिघांचे नळ त्याच शाखेवर आहेत, ११, १२ आणि २३ चे. नमुने परवा जातील. निकाल आला की इथेच टाकतो.